लोणारचा एक उतारा, पाच वेळा लिहिलेला: वाङ्मयचौर्य, पॅराफ्रेज आणि संदर्भ

पहिल्या वर्षाच्या पर्यावरण प्रकल्पांची तोंडी चालू होती. एकीने लोणार सरोवरावर प्रकल्प केला होता. विवराचं वय तिने लिहिलं होतं 52 हजार वर्षं. दोन जणांनंतर आलेल्या मुलाचा विषयही लोणारच, आणि त्याच्याकडे वय होतं 5 लाख 70 हजार वर्षं. मी दोघांना एकत्र बसवलं आणि विचारलं, "यातलं खरं कोणतं?" दोघं एकमेकांकडे बघायला लागली. "कुठून घेतलंत?" याचं उत्तर मात्र दोघांनी एका सुरात दिलं: "सर, नेटवरून."

गंमत अशी की दोन्ही आकडे कुणीतरी मोजूनच काढलेले आहेत. 52 हजार हा आकडा थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने आलेला, 1997 साली प्रसिद्ध झालेला. 5 लाख 70 हजार हा आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलेला, 2011 सालचा. पद्धत वेगळी, म्हणून उत्तर वेगळं. मुलांनी आकड्यासोबत "कोणी, कधी" एवढं जरी लिहिलं असतं, तर त्या मुलीला सांगता आलं असतं की माझा आकडा जुन्या मोजणीतला आहे. संदर्भ लिहायचा तो एवढ्यासाठी. चोरीचा आळ टाळणं हा त्याचा दुसरा उपयोग.

म्हणून हा लेख लोणारवरच लिहितो आहे. एकच उतारा घेऊ आणि तो आधी चुकीचा, मग बरोबर असा लिहून पाहू.

मूळ उतारा

पुढचा परिच्छेद मी वर्गात दाखवण्यासाठी स्वतः लिहिला आहे. तो एका पुस्तकात पान 42 वर आहे असं समजा. लेखकाला गणितातल्यासारखं "क्ष" म्हणू, आणि वर्ष 2015 धरू.

> लोणार सरोवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरात वसलेले आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून हे विवर तयार झाले. बेसाल्टमधील आघातविवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मिळ असल्याने चंद्र व मंगळाच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार महत्त्वाचे वाटते. सरोवरातून बाहेर जाणारा प्रवाह नाही. आलेले पाणी केवळ बाष्पीभवनाने कमी होते. त्यामुळे क्षार साचत जाऊन पाणी खारे व अल्कधर्मी बनले आहे.

पहिलं लेखन: सरळ उचललेलं

हा परिच्छेद जसाच्या तसा प्रकल्पात चिकटवला आणि खाली-वर काहीच लिहिलं नाही, तर ते वाङ्मयचौर्य. यात समजावण्यासारखं काही नाही, मुलांनाही ते माहीत असतं. फक्त एक गैरसमज दूर करतो. "पण सर, मी शेवटच्या पानावर संदर्भसूचीत ते पुस्तक लिहिलंय ना!" सूचीत नाव असलं तरी वाचणाऱ्याला कळत नाही की प्रकल्पातली कोणती वाक्यं क्षची आणि कोणती तुमची. सूची सांगते की तुम्ही काय वाचलंत. कुठलं वाक्य कोणाचं, हे त्या वाक्यापाशीच सांगावं लागतं.

दुसरं लेखन: शब्द बदललेले

बहुतेक प्रकल्प इथे अडकतात. मुलाने उचलेगिरी करायची नाही असं प्रामाणिकपणे ठरवलेलं असतं, पण पुस्तक समोर उघडं असतं आणि हात एकेका शब्दाला पर्याय शोधत असतो. मग असं काहीतरी तयार होतं:

> लोणारचे तळे अंदाजे 1.8 किमी रुंदीच्या खड्ड्यात आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणावर धूमकेतू पडून हा खड्डा निर्माण झाला. काळ्या पाषाणातील असा खड्डा जगात एकमेव असल्याने चंद्र आणि मंगळाच्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार मोलाचे वाटते. तळ्यातून बाहेर जाणारा ओघ नाही. आलेले पाणी फक्त वाफ होऊन कमी होते. त्यामुळे मीठ साठत जाऊन पाणी खारट व आम्लधर्मी झाले आहे.

आता मूळ उतारा आणि हा शेजारी-शेजारी ठेवा. सहा वाक्यं होती, सहाच आहेत. क्रम तोच. तिसऱ्या वाक्यात "असल्याने" होतं, तिथे "असल्याने"च आहे. चौथ्या वाक्यातलं "बाहेर जाणारा"सुद्धा जागचं हललेलं नाही. सांगाडा पूर्ण क्षचा आहे, फक्त वरचे कपडे बदललेत. हेही वाङ्मयचौर्यच, आणि शेवटी कंसात क्षचं नाव टाकलं तरी ते सुटत नाही. कारण नाव टाकल्यावर वाचणारा समजतो की विचार क्षचा, मांडणी विद्यार्थ्याची. इथे मांडणीही विद्यार्थ्याची नाही.

याहून मोठं नुकसान अर्थाचं झालंय. "दुर्मिळ"चं "एकमेव" झालं, आणि ते चूक आहे. बेसाल्टमधली आघातविवरं ब्राझीलमध्येही आहेत. "उल्का"चा "धूमकेतू" झाला, म्हणजे वस्तूच बदलली. आणि "अल्कधर्मी"चं "आम्लधर्मी" म्हणजे नेमकं उलटं. विषय न समजता शब्द बदलले की हे असंच होतं, आणि तपासणाऱ्याला पहिली शंका याच ठिकाणी येते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने बेसाल्टला "काळा पाषाण" का म्हटलं असेल? कुणाचं तरी वाक्य लपवायचं होतं म्हणून.

यातूनच एक नियम निघतो: पारिभाषिक शब्द बदलायचे नाहीत. बेसाल्ट, व्यास, बाष्पीभवन, अल्कधर्मी हे शब्द क्षच्या मालकीचे नाहीत, ते विषयाचे आहेत. ते तसेच वापरा. बदलायची असते ती मांडणी.

पुस्तक मिटून लिहायचं कसं

पद्धत साधी आहे, पण तिच्यातली एक पायरी मुलं हमखास गाळतात.

आधी उतारा दोनदा वाचा. पहिल्यांदा सगळा, दुसऱ्यांदा स्वतःला एक प्रश्न विचारत: माझ्या प्रकल्पाला यातलं काय हवंय? ही गाळली जाणारी पायरी. प्रकल्पाचा प्रश्न ठरलेला नसेल तर उताऱ्यातलं सगळंच महत्त्वाचं वाटतं, आणि सगळंच घ्यायचं म्हटलं की क्षच्या क्रमानेच जावं लागतं. समजा माझा प्रश्न आहे, "लोणारचं पाणी खारं का?" मग व्यास, चंद्र, मंगळ यांची मला गरजच नाही. अर्धा उतारा इथेच गळला.

मग पुस्तक मिटा. मोबाइलवर वाचत असाल तर तो पालथा ठेवा. वहीत वाक्यं लिहू नका, तुटक शब्द लिहा. माझ्या वहीत असं उतरलं:

> विवर – पाणी बाहेर नाही
> फक्त वाफ
> क्षार मागे → खारं, अल्कधर्मी
> (क्ष 2015, 42)

शेवटची ओळ तेव्हाच लिहायची. "नंतर बघू" म्हटलं की पान क्रमांक हरवतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री वाचनालय बंद असतं.

आता या चार ओळींवरून, शेजारच्या मित्राला समजावून सांगतोय अशा रीतीने लिहा. तोंडाने बोलून पाहिलंत तर आणखी बरं. लिहून झाल्यावर मगच पुस्तक उघडा आणि दोन गोष्टी तपासा. अर्थ बरोबर उतरला का? आणि क्षची एखादी खास शब्दरचना नकळत आपल्या वाक्यात आली का? पारिभाषिक शब्द सोडून सलग चार-पाच शब्द जुळले, तर मी ते वाक्य पुन्हा लिहायला लावतो. हा माझ्या वर्गापुरता अंदाज आहे, कुठल्या नियमावलीतला आकडा नाही.

तिसरं लेखन: स्वतःचं

> लोणारचे पाणी खारे का, हे समजण्यासाठी त्याची जागा पाहावी लागते. सरोवर विवराच्या तळाशी आहे आणि तिथून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पाणी उडून जाते ते फक्त वाफ होऊन, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. ते मागे राहून वाढत गेल्याने पाणी अल्कधर्मी झाले आहे (क्ष, 2015, पृ. 42). धरणाच्या जलाशयात असे होत नाही, कारण तिथले पाणी पुढे सोडले जाते.

या परिच्छेदात वाक्यांचा क्रम प्रश्नावरून ठरला आहे, क्षवरून नाही. शेवटचं वाक्य क्षच्या उताऱ्यात नव्हतंच. ते विद्यार्थ्याने स्वतः विचार करून जोडलं, म्हणून कंस त्याच्या आधी बंद झाला आहे. कंसाची जागा ही एक रेघ समजा: अलीकडचं क्षचं, पलीकडचं माझं. परिच्छेदाच्या अगदी शेवटी कंस टाकला असता, तर धरणाचा मुद्दाही क्षच्या नावावर गेला असता. म्हणजे स्वतःच्या डोक्यातला विचार दुसऱ्याला देऊन टाकायचा! मुलं हे फार वेळा करतात, आणि मग मला विचारतात की "स्वतःचं मत" या रकान्याचे गुण का गेले.

एकाच स्रोतावरून सलग तीन-चार वाक्यं लिहायची असतील, तर पहिल्याच वाक्यात "क्ष यांच्या मते" असं म्हणून सुरुवात करा आणि शेवटी पान क्रमांक द्या. दर वाक्याला कंस लावला तर वाचवत नाही.

चौथं लेखन: अवतरण

कधी कधी मूळ शब्दच हवे असतात. कायद्यातली व्याख्या, कवितेची ओळ, किंवा ज्याच्याशी तुम्ही पुढे वाद घालणार आहात ते विधान. तेव्हा शब्द जसेच्या तसे घ्या, अवतरणचिन्हांत ठेवा आणि पान द्या:

> क्ष यांच्या मते बेसाल्टमधील आघातविवरे पृथ्वीवर "अत्यंत दुर्मिळ" आहेत (2015, पृ. 42). मात्र अशी विवरे नेमकी किती, हे ते सांगत नाहीत.

फक्त दोन शब्द उचललेत, आणि तेही त्यांच्यावर प्रश्न विचारायचा होता म्हणून. लेखकाचं नाव वाक्यातच आलं, म्हणून कंसात पुन्हा लिहिलेलं नाही. अवतरणचिन्हं लावून अख्खा परिच्छेद चिकटवणं ही चोरी नाही, पण ते लेखनही नाही. दोन पानांच्या प्रकल्पात अशी एक-दोन अवतरणं पुरतात.

पाचवं लेखन: इंग्रजीतून मराठीत

मराठीतून प्रकल्प लिहिणाऱ्यांसाठी हा सगळ्यात मोठा खड्डा. "मी कॉपी केलेलं नाही सर, मी भाषांतर केलंय." भाषांतर करायला मेहनत लागते हे खरं, पण विचार, क्रम, उदाहरणं सगळं मूळ लेखकाचं असतं. नाव न सांगता केलेलं भाषांतरही वाङ्मयचौर्यच. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सापडेलच असं नाही. वाचणाऱ्याला मात्र कळतं, कारण मराठी वाकडी होते:

> हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की जून 2020 मध्ये सरोवराच्या पाण्याचा रंग गुलाबीमध्ये बदलला गेला होता, जे हॅलोआर्कियाच्या उपस्थितीला कारणीभूत ठरवले गेले.

घरी, कट्ट्यावर, अगदी परीक्षेतही कुणी मराठी माणूस असं लिहीत नाही. वर शेवटचा भाग उलटा झालाय: या वाक्यानुसार रंगामुळे सूक्ष्मजीव आले! इंग्रजी लेख वाचून, मिटून, मराठीत विचार करून लिहिलं की असं होतं:

> 2020 च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले (…).

कंसात काय येईल? आघारकर संस्थेचं नाव लिहायचा मोह होतो, वजनदार दिसतं. पण तुम्ही त्यांचा अहवाल वाचलात का? बहुधा वर्तमानपत्रातली बातमी वाचली असेल. मग कंसात त्या वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख. जे डोळ्यांनी वाचलं त्याचाच संदर्भ द्यायचा. संस्थेचं नाव वाक्यात आहेच, तिचं श्रेय कुठे जात नाही.

सुरुवातीच्या 5 लाख 70 हजार वर्षांचंही तसंच. 2011 च्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक जूर्दान. तो निबंध तुम्ही वाचला नाही, क्षच्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचला, तर लिहायचं: (जूर्दान व इतर, 2011, क्ष, 2015, पृ. 43 मध्ये उद्धृत). सूचीत मग फक्त क्ष येतो. उद्या क्षने आकडा चुकीचा उतरवला असल्याचं निघालं, तर चूक कुठे झाली हे या कंसावरून लगेच कळेल. विकिपीडियाचंही हेच. ते वाचू नका असं मी सांगत नाही, उलट वाचाच, आणि खाली तळटिपांत जो मूळ स्रोत दिलाय तिथपर्यंत जा. तो उघडून वाचलात तर त्याचा संदर्भ द्या. नाही उघडलात, तर विकिपीडियाचाच द्या.

संदर्भ कशाला नको

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे, पाण्याची वाफ होते, महाराष्ट्रात जूनमध्ये पाऊस सुरू होतो: याला कंस लागत नाही. कुठल्याही नकाशात किंवा शाळेच्या पुस्तकात जे वाद न होता सापडतं ते सर्वसामान्य ज्ञान. ज्यावर दोन माणसं वेगळं सांगू शकतात त्याला संदर्भ हवा. विवराचं वय हे त्याचं उत्तम उदाहरण, म्हणून तर तोंडीत तो घोळ झाला. ठरवता येत नसेल तर द्या. जादा संदर्भाने कुणाचे गुण गेलेले मी पाहिले नाहीत.

सूचीतली नोंद

शैली अनेक आहेत: एपीए, एमएलए, शिकागो. तुमच्या विभागाने जी सांगितली ती वापरा, आणि एकाच प्रकल्पात दोन शैली मिसळू नका. सामाजिक शास्त्रांत एपीए जास्त दिसते. तिच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे पुस्तकाची नोंद अशी:

> क्ष, अ. (2015). *पुस्तकाचे नाव*. प्रकाशनाचे नाव.

आधी आडनाव, मग नावाचं आद्याक्षर. या आवृत्तीत प्रकाशनाचं शहर लिहीत नाहीत, पण मराठी विभागांत शहर लिहिण्याची पद्धत अजून आहे, तेव्हा विचारून घ्या. वेबपानासाठी लेखक, तारीख, पानाचं शीर्षक, संकेतस्थळाचं नाव आणि पूर्ण दुवा. नुसता `www.google.com` हा संदर्भ नव्हे. गूगलने काहीच लिहिलेलं नाही, त्याने फक्त रस्ता दाखवला. दर वर्षी दोन-तीन प्रकल्पांत हा येतोच. शेवटी एकदा उलटतपासणी करा: मजकुरातलं प्रत्येक नाव सूचीत आहे का, आणि सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात कुठेतरी आलंय का.

दहा टक्क्यांचं काय?

हा प्रश्न दर वर्षी येतो: "सर, दहा टक्के चालतं ना?" विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आहेत, त्यात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि पुढे 40, 60 असे टप्पे वाढत जातात. 60 टक्क्यांच्या वर तर संशोधक विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. पण हे नियम पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांना आणि प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाला आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाला ती दहा टक्क्यांची सूट लागूच होत नाही. तिथे तुमच्या कॉलेजचा आणि शिक्षकांचा नियम चालतो.

शिवाय टक्का हा साम्याचा असतो, चोरीचा नाही. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं. संदर्भसूची आणि अवतरणं तपासणीतून वगळली नाहीत तर प्रामाणिक प्रकल्पातही साम्य बरंच दिसू शकतं. उलट वरचं दुसरं लेखन, ज्यात बरेच शब्द बदललेत, ते कमी टक्क्यांत निसटून जाईल. म्हणून मी अहवालाचा आकडा शेवटी बघतो. आधी प्रकल्पातलं एक वाक्य निवडतो आणि विद्यार्थ्याला म्हणतो, "हे जरा समजावून सांग."

त्या तोंडीनंतर त्या मुलीने दोन दिवसांत प्रकल्पाचं एक पान पुन्हा लिहून आणलं. वयाच्या जागी आता दोन ओळी होत्या: दोन्ही आकडे, दोन्ही वर्षं, दोन्ही पद्धती आणि दोन कंस. खाली पेन्सिलने तिने स्वतःसाठी लिहिलेलं खोडायचं राहून गेलं होतं: "दुसरा पेपर स्वतः वाचला, पहिला नाही – 'उद्धृत' लिहिणे."